गाठ कुठे आहे आणि कसली आहे

१९२३ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, वॉल्टर डँडी या मेंदूशल्यविशारदाने एका रुग्णाच्या मेंदूचा अख्खा उजवा गोलार्ध काढला. तिथे ग्लायोमाची गाठ होती आणि तिच्यामुळे रुग्णाचं डावं अंग आधीच लुळं पडलेलं होतं. त्या बाजूचा मेंदू राखून आणखी काही मिळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. डँडींचा हिशेब सरळ होता. गाठीभोवतीचा मेंदू ठेवला की गाठ परत येते, तर मग तो ठेवायचाच कशाला? १९२८ साली त्यांनी अशा पाच रुग्णांची हकिगत छापली. काही जण शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावले. जे निभावले, त्यांच्यातही गाठ परतल्याचं पुढे दिसलं. अर्धा मेंदू काढूनही!

ग्लायोमाचं सगळं त्रांगडं या एका प्रयोगात आहे. आपल्या मेंदूत विचार, हालचाल, आठवणी सांभाळणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या, त्यांच्या तंतूंवर आवरण चढवणाऱ्या ग्लिया पेशी असतात. ग्लायोमा या दुसऱ्या जातीच्या पेशींसारख्या पेशींचा बनतो. मोठ्या माणसांत आढळणारे बहुतेक ग्लायोमा पसरट असतात, म्हणजे त्यांना कवच नसतं आणि काठ नसतो. त्यांच्या पेशी मेंदूतल्या पांढऱ्या तंतूंच्या वाटा धरून सरपटत पुढे जातात आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या जाड पट्ट्यावरून पलीकडेही पोचतात. शेतातली हराळी ज्याने उपटली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. हाताला येतो तो झुपका, मुळ्या केव्हाच बांधापलीकडे गेलेल्या असतात. एमआरआयवर जो पांढरा डाग दिसतो तो हा झुपका. डागाच्या कडेबाहेरून घेतलेल्या तुकड्यांत, पार दोन सेंटिमीटर अंतरावरसुद्धा, गाठीच्या पेशी सापडलेल्या आहेत.

म्हणून ‘डॉक्टर, सगळी काढली ना?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देताना सर्जन अडखळतो. ‘एमआरआयवर दिसत होती ती सगळी काढली’, इतकंच तो म्हणू शकतो. तेही प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण जागा.

मेंदूत निरुपयोगी जागा नसतेच, हे वाइल्डर पेनफील्ड या माँट्रियलच्या सर्जनला घरातच शिकायला मिळालं. डिसेंबर १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीवर शस्त्रक्रिया केली. तिला उजव्या बाजूला, कपाळामागच्या भागात ऑलिगोडेंड्रोग्लायोमा होता. तो भाग त्या काळी ‘मुका’ समजला जाई, कारण तो काढला तरी हातपाय चालतात आणि बोलणं शाबूत राहतं. पेनफील्डनी तिथला जवळजवळ सगळा भाग काढला. बहीण बरी झाली, बोलू लागली, हसू लागली. सव्वा वर्षाने तिने घरच्या चौघांना आणि एका पाहुण्याला जेवण करायचं ठरवलं. जेवणाची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सामान सगळं मांडलेलं होतं, एकदोन भांडी चुलीवर होती, पण सॅलड झालेलं नव्हतं, मांसाला हात लागलेला नव्हता, आणि ती गोंधळून, रडवेली होऊन उभी होती. एकेक पदार्थ तिला येत होता. काय आधी, काय नंतर, कोणतं एकीकडे चालू ठेवायचं, ही जुळवाजुळव मात्र तिच्याकडून होत नव्हती. गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ साली ती वारली. पेनफील्डनी ही हकिगत पुढे शास्त्रीय लेखात लिहिली. मेंदूशल्यक्रियेच्या वाङ्मयात भावाने बहिणीबद्दल इतकं अलिप्तपणे आणि इतक्या बारकाईने लिहिलेलं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

उजव्या कपाळामागे ही गत, तर डाव्या बाजूला भाषेच्या जागी काय होईल?

एक प्रकरण घेऊ. माणूस कल्पित आहे, पण तपशील कोणत्याही मोठ्या न्यूरोसर्जरी विभागात भेटतील असे आहेत. कोल्हापूरचा, ३८ वर्षांचा, बँकेत काम करणारा. कधी डोकंही दुखलेलं नाही. एका पहाटे झोपेत फिट आली, जीभ चावली गेली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, पुढच्या भागात, साडेचार सेंटिमीटरचा डाग निघाला. इंजेक्शनने दिलेलं कॉन्ट्रास्ट औषध त्या डागात शिरलेलं नाही, म्हणजे गाठ बहुधा हळू वाढणारी असावी. ‘बहुधा’ हा शब्द पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. आणि डागाची मागची कड बोलण्याच्या केंद्राला भिडलेली आहे.

पुस्तकातल्या चित्रात हे केंद्र जिथे दाखवलेलं असतं तिथेच ते प्रत्येकात असेल, याचा भरवसा नाही. माणसामाणसांत ते सेंटिमीटरभर इकडेतिकडे असतं, आणि वर्षानुवर्षं हळू वाढणाऱ्या गाठीने ते बाजूलाही ढकललेलं असतं. म्हणून अशी शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. वेदना असतात त्या डोक्याच्या कातडीला आणि मेंदूवरच्या जाड पडद्याला. तिथल्या नसा इंजेक्शनांनी बधिर करतात, कवटी उघडेपर्यंत रुग्णाला झोपवून ठेवतात आणि मग उठवतात. समोर पडद्यावर चित्रं येऊ लागतात. सर्जनच्या हातात दोन टोकांची, चिमट्यासारखी सळई असते. तिच्यातून काही मिलिअँपिअरचा विद्युतप्रवाह मेंदूच्या पृष्ठभागावर जास्तीत जास्त चार सेकंद सोडतात. तेवढ्यापुरता तो इवलासा ठिपका बंद पडतो. प्रवाह कधी सोडला हे रुग्णाला कळू देत नाहीत.

रुग्णाला नुसतं नाव सांगायला लावत नाहीत, पूर्ण वाक्य म्हणायला लावतात. कारण मराठीत सांगतो. चित्र घराचं आहे. रुग्ण ‘हे...’ म्हणाला, पुन्हा ‘हे...’ म्हणाला आणि ‘घर’ काही केल्या येईना, तर तोंड चालू आहे, पण नाव हरवलं आहे. उलट ‘हे’सुद्धा न येता सगळंच थांबलं, तर बोलणंच बंद पडलं आहे. ही दोन वेगळी लक्षणं, दोन वेगळ्या जागा. एकेका जागेची तीनतीनदा चाचणी होते आणि जिथे बोलणं पुन्हापुन्हा अडतं तिथे आकडा लिहिलेली चिमुकली कागदी चिठ्ठी ठेवतात. मध्येच फिट सुरू झाली तर मेंदूवर बर्फासारखं थंड सलाइन ओततात, बहुतेक वेळा ती तिथेच थांबते. दोन भाषा बोलणाऱ्यांत दोन्हींच्या जागा पूर्णपणे एक नसतात, हे अमेरिकेतल्या जॉर्ज ओजेमान यांनी १९७८ सालीच दाखवलं होतं. आपला बँकवाला घरी मराठी, काउंटरवर हिंदी आणि संगणकावर इंग्रजी वापरतो. त्याची चाचणी केवळ इंग्रजीत झाली, तर आईशी बोलायची भाषा गमावून तो घरी जाऊ शकतो.

पृष्ठभागाचा असा नकाशा झाला की त्याखालचा मामला सुरू होतो, आणि खरी मर्यादा तिथे आहे. मेंदूची वरची साल बऱ्यापैकी लवचिक असते. एक ठिपका हळूहळू निकामी झाला तर शेजारचा त्याचं काम उचलतो. फ्रान्समधल्या माँपेलिएचे ह्यूग दुफो यांनी याच आधारावर एकाच रुग्णावर काही वर्षांच्या अंतराने दोनदा शस्त्रक्रिया केल्या आहेत. पहिल्या वेळी ज्या ठिपक्याला हात लावता आला नव्हता, त्याचं काम दुसऱ्या वेळेपर्यंत शेजारी सरकलेलं असे. पण सालीखालून जाणाऱ्या तंतूंच्या जुड्यांना हे जमत नाही. हातापायांकडे निघालेली जुडी किंवा भाषेचे दोन भाग जोडणारी जुडी कापली गेली तर तिला पर्यायी रस्ता नाही. म्हणून खोल जाताना सर्जन पुन्हापुन्हा प्रवाह सोडून पाहतो. रुग्ण अडखळला की त्या दिशेने थांबायचं, मग समोर गाठ दिसत असली तरी.

कधी अडवणारी गोष्ट मेंदू नसतेच, रक्तवाहिनी असते. कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घडीत आत लपलेला इन्सुला नावाचा भाग आहे. ग्लायोमाला ही जागा फार आवडते. तिच्या आतल्या कडेलगत केसासारख्या बारीक धमन्या वर जातात आणि हातापायांच्या सगळ्या तंतूंना रक्त पुरवतात. त्यातली एक जरी गेली तरी विरुद्ध बाजू कायमची लुळी पडू शकते. तिथे गाठीचा शेवटचा पातळ थर मुद्दाम ठेवून यावं लागतं. डॉक्टरने हात आखडता घेतला असं नातेवाइकांना वाटतं. खरं तर तो थर ठेवायला जास्त अनुभव लागतो.

या काळजीचा उपयोग मोजलेला आहे. २०१२ साली आठ हजारांहून जास्त ग्लायोमा रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. विद्युतप्रवाहाने नकाशा करून केलेल्या शस्त्रक्रियांत कायमचं गंभीर अपंगत्व ३.४ टक्के रुग्णांना आलं, नकाशाविना केलेल्यांत ८.२ टक्के. शिवाय नकाशा करणाऱ्यांनी गाठ जास्त काढली होती आणि तीही जास्त नाजूक जागांमधून. मग पूर्ण बरं होणार नसेल तर एवढा खटाटोप का, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर नॉर्वेतून आलं. तिथल्या दोन रुग्णालयांची रीत वेगळी होती. एक जण हळू वाढणाऱ्या ग्लायोमात नुसता तुकडा तपासून वाट बघायचं, दुसरं लवकर शस्त्रक्रिया करायचं. रुग्ण कुठे जाणार हे त्याच्या घराच्या पत्त्यावर ठरे, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी निर्मळ होती. पुढच्या पाठपुराव्यात वाट बघणाऱ्या गटाचं मध्यम आयुर्मान ५.८ वर्षं निघालं आणि लवकर काढणाऱ्या गटाचं १४.४ वर्षं. पेशी मागे राहतातच, पण किती राहतात याने फरक पडतो.

आपल्या रुग्णाची नव्वद टक्के गाठ निघाली. मागची पट्टी राहिली. चार दिवस बोलणं जड होतं, मग सुधारत गेलं. आता तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे आहे.

कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘कितवी स्टेज?’ असा येतो. ग्लायोमाला स्टेज नसते. स्टेज म्हणजे रोग शरीरात किती लांब पोचला, आणि ग्लायोमा मेंदू व मज्जारज्जू सोडून बाहेर जवळजवळ कधीच जात नाही. इथे असतो तो ग्रेड, १ ते ४. पेशींची चाल किती आक्रमक आहे याचा तो अंदाज. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली मुख्यतः चार गोष्टी शोधतो. पेशींची केंद्रकं वेडीवाकडी आहेत का? पेशी विभागताना दिसतात का? रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होऊन त्यांचे गुच्छ झालेत का? आणि मध्येच मेलेल्या ऊतीचे पट्टे आहेत का? नुसती वेडीवाकडी केंद्रकं असली तर ग्रेड २, विभागणाऱ्या पेशी दिसू लागल्या की ३, गुच्छ किंवा मेलेली ऊती दिसली की ४. ग्रेड १ हे वेगळंच घराणं आहे. या बहुतांशी लहान मुलांत होणाऱ्या, बऱ्यापैकी आखीव गाठी असतात आणि त्या सहसा पायरीपायरीने ४ पर्यंत चढत नाहीत.

ही पद्धत दशकानुदशकं चालली आणि तिच्यात दोन भोकं राहिली. पहिलं म्हणजे तुकडा कुठून घेतला. एकाच गाठीत एका कोपऱ्यात शांत पेशी आणि दुसऱ्या कोपऱ्यात उसळलेल्या असू शकतात. सुईने शांत कोपऱ्यातला तुकडा आला तर रिपोर्ट खोटा नसूनही चुकीचा ठरतो. रिपोर्टवर ग्रेड २ आणि एमआरआयवर मात्र कॉन्ट्रास्ट औषधाने उजळलेली कडी दिसत असेल, तर जाणता डॉक्टर एमआरआयवर जास्त विश्वास ठेवतो. दुसरं भोक डोळ्यांचं. विभागणाऱ्या चार पेशी ‘बऱ्याच’ की ‘तुरळक’, यावर दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टांचं दुमत होऊ शकतं. अॅस्ट्रोसायटोमा की ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हे ठरेना, म्हणून ‘ऑलिगोअॅस्ट्रोसायटोमा’ नावाचं एक मिश्र निदान सर्रास लिहिलं जाई. गाठ मिश्र होती की लिहिणारा साशंक होता, हे कळायला मार्ग नव्हता.

मार्ग निघाला तो पुन्हा जॉन्स हॉपकिन्समधूनच. २००८ साली तिथल्या चमूने ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत जहाल ग्लायोमाचे २२ नमुने घेऊन प्रत्येकातली वीस हजारांहून जास्त जनुकं वाचली. त्यात आयडीएच-१ नावाच्या जनुकात बिघाड सापडला. कॅन्सरशी या जनुकाचा संबंध असेल असं तोवर कोणी धरलेलं नव्हतं. पेशीच्या चयापचयातलं एक साधं एन्झाइम ते बनवतं. बिघाड ज्यांच्यात होता ते रुग्ण वयाने लहान होते आणि तुलनेने जास्त जगलेले होते. पुढे दिसलं की ग्रेड २ आणि ३ च्या बहुसंख्य ग्लायोमांत हाच बिघाड आहे. तोही बहुतेकांत एकाच जागी, एन्झाइमच्या १३२ क्रमांकाच्या कडीवर, आर्जिनिनच्या जागी हिस्टिडिन. बिघडलेलं एन्झाइम एक वेगळंच रसायन बनवतं. ते पेशीत साचतं, डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसणाऱ्या यंत्रणेला अडवतं आणि पेशी कधी प्रौढ होतच नाही. म्हणजे हा बिघाड गाठीचं मूळ आहे. पण अशी गाठ, तो बिघाड नसलेल्या गाठीपेक्षा सावकाश वाढते. मूळ कारण आणि दिलासा एकाच ठिकाणी, असं वैद्यकात क्वचित दिसतं.

आपल्या बँकवाल्याच्या स्लाइडकडे परत येऊ. नेहमीच्या रंगात ती अशी दिसते: पेशी थोड्या दाट, केंद्रकं किंचित वेडीवाकडी, विभागणी जवळजवळ नाही. जुन्या हिशेबाने ग्रेड २. आता याच स्लाइडवरून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट अशी. बिघडलेल्या आयडीएच एन्झाइमलाच चिकटणारं एक प्रतिपिंड मिळतं. ते लावल्यावर पेशी तपकिरी झाल्या, तर बिघाड आहे. दुसरा रंग एटीआरएक्स या प्रथिनासाठी लावतात. गाठीच्या पेशींतून ते गायब दिसलं, तर निदान पक्कं: अॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट. मग सीडीकेएन२ए या जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत आहेत का, हे पाहतात. शाबूत असल्या तर ग्रेड २ कायम. दोन्ही उडाल्या असल्या तर स्लाइड कितीही शांत असो, ग्रेड ४ लिहायचा, असा २०२१ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाचा नियम आहे.

दुसऱ्या वाटेवर आयडीएचचा बिघाड आहे, पण एटीआरएक्स जागच्या जागी आहे. अशा वेळी गुणसूत्रं तपासतात. पहिल्या गुणसूत्राचा आखूड हात आणि एकोणिसाव्याचा लांब हात, दोन्ही पूर्ण गळाले असतील तर गाठ ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. हिला रेडिएशन आणि केमोथेरपी सगळ्यांत जास्त मानवतात. असे दोन हात गळालेल्या ग्रेड ३ च्या गाठींवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुर्मान ७.३ वर्षं होतं, त्याला केमोची जोड दिल्यावर १४.७ वर्षं झालं. ‘मिश्र’ गाठींचा वादही या दोन हातांनी मिटवला. तपासल्यावर जवळपास प्रत्येक मिश्र गाठ एका बाजूला पडली.

तिसरी वाट सर्वांत अवघड आहे. पेशी तपकिरी होत नाहीत. त्या प्रतिपिंडाला आयडीएचचा एकच, सर्वांत नेहमीचा बिघाड ओळखता येतो. उरलेल्या सुमारे दहा टक्क्यांसाठी जनुक प्रत्यक्ष वाचावं लागतं. ३८ वर्षांच्या रुग्णात ते वाचायलाच हवं. पंचावन्नच्या पुढे, ठळक ग्लायोब्लास्टोमा दिसत असताना, ते सोडून दिलं तरी चालतं. समजा जनुक वाचलं आणि बिघाड नाहीच. उलट टर्ट नावाच्या जनुकाची कळ बदललेली निघाली, किंवा ईजीएफआर जनुकाच्या ढीगभर प्रती सापडल्या, किंवा सातवं गुणसूत्र जास्तीचं आणि दहावं हरवलेलं निघालं. यातली एक खूण पुरते. रिपोर्टवर लिहिलं जातं: ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप, ग्रेड ४. तिन्ही वाटांवर स्लाइड तीच. घरचे म्हणतात, प्रयोगशाळेने घोळ घातला, आधी तर ‘शांत दिसते’ म्हणाले होते. घोळ नसतो. शांत दिसते ती गाठ उसळायच्या आधी हाती लागली, एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या टर्टच्या खुणेवर, बाकी सगळं शांत असताना, ग्रेड ४ लिहावा का याबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

या वाटांमधलं अंतर किती? अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने २०१५ साली ग्रेड २ आणि ३ च्या २९३ गाठी तपासल्या. दोन हात गळालेल्या गटाचं मध्यम आयुर्मान ८ वर्षं, आयडीएचचा बिघाड असलेल्या पण हात शाबूत असलेल्या गटाचं ६.३ वर्षं आणि बिघाड नसलेल्या गटाचं १.७ वर्षं निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे एकाच पंगतीचे होते. मध्यम म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या पुढे जगले. तो आकडा एका माणसाच्या मुदतीची तारीख नव्हे, हे सांगायला डॉक्टरांना दवाखान्यात वेळ मिळत नाही, म्हणून इथे लिहितो.

उपचारही वाटेप्रमाणे बदलतात. तिसऱ्या वाटेवर थांबणं नाही. सहा आठवडे, तीस वेळा रेडिएशन, त्याबरोबर रोज टेमोझोलोमाइडची गोळी आणि नंतर दर महिन्याला पाच दिवस गोळ्या. पहिल्या दोन वाटांवर, गाठ बरीच निघाली असेल तर, काही काळ नुसती एमआरआयची नजर ठेवता येते. आयडीएचचा बिघाड आता औषधाचं लक्ष्यही झाला आहे. वोरासिडेनिब ही गोळी त्या बिघडलेल्या एन्झाइमलाच अडवते. २०२३ सालच्या चाचणीत, ग्रेड २ च्या रुग्णांत, गाठ पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ तिने ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर नेला. चाचणीने मोजला तो वाढीचा काळ, आयुष्य नव्हे. महागडं औषध घ्यायचं ठरवण्याआधी हा फरक विचारून घ्यावा.

टेमोझोलोमाइडसाठी आणखी एक खूण पाहतात, एमजीएमटी. हे औषध पेशीच्या डीएनएवर घाव घालतं आणि एमजीएमटी हे प्रथिन तो घाव दुरुस्त करतं. गाठीतच त्या जनुकाची कळ रासायनिक खुणांनी बंद झालेली असेल तर दुरुस्ती होत नाही आणि औषध लागू पडतं. २००५ साली छापलेल्या युरोप-कॅनडाच्या चाचणीत कळ बंद असलेल्यांचं मध्यम आयुर्मान रेडिएशन आणि गोळीने २१.७ महिने, तर कळ चालू असलेल्यांचं १२.७ महिने होतं. या खुणेने ग्रेड बदलत नाही. पण सत्तरीपुढचा, थकलेला रुग्ण रेडिएशन आणि गोळी दोन्ही झेलू शकणार नसेल, तर दोहोंपैकी काय द्यायचं हे ठरवायला ती कामी येते.

जागा आणि जनुक एकमेकांपासून सुटी नसतात, हे लहान मुलांत सर्वांत कठोरपणे दिसतं. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या ब्रेनस्टेमच्या मधल्या फुगीर भागाला पॉन्स म्हणतात. अंगठ्याएवढ्या या जागेतून हातापायांचे सगळे तंतू जातात. चेहरा, डोळे आणि गिळणं यांच्या नसा तिथे किंवा तिथल्या आसपास उगम पावतात. तिथला पसरट ग्लायोमा साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांत होतो. काही आठवड्यांत मूल तिरळं बघू लागतं, चालताना झोकांड्या खातं, तोंड एका बाजूला ओढलं जातं. गाठीच्या पेशी तंतूंच्या मधूनमधून विणलेल्या असतात, काढायला वेगळी गाठ अशी नसतेच. रेडिएशनने काही महिने बरे जातात, बहुतेक मुलं मात्र वर्षभराच्या आसपास जातात. नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी याच आजाराने जानेवारी १९६२ मध्ये गेली, दोन वर्षांची होती. २०१२ साली कळलं की या गाठींत डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यातल्या एकात, २७ व्या कडीवर, ठरावीक बिघाड असतो. हाच बिघाड थॅलॅमस आणि मज्जारज्जू अशा मधल्या रेषेवरच्या इतर जागांतही सापडतो. तो सापडला की स्लाइड कशीही दिसो, ग्रेड ४.

आणि तिथून पाचेक सेंटिमीटर मागे, लहान मेंदूत, त्याच वयाच्या मुलाला पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा झाला तर गोष्ट पार वेगळी होते. तो ग्रेड १ चा, कड असलेला. पूर्ण काढला की बहुतेक मुलांचा प्रश्न तिथेच संपतो. मात्र हीच ग्रेड १ ची गाठ डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्या जागी असेल तर ती काढताना दृष्टी जाईल, म्हणून तिला तिथेच ठेवून औषधांवर सांभाळावं लागतं. ग्रेड सौम्य, जागा वैरी.

आपल्या भागातल्या रिपोर्टबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. निदानाच्या शेवटी ‘एनओएस’ ही तीन अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ, जनुकांच्या तपासण्या झालेल्या नाहीत किंवा पुऱ्या झालेल्या नाहीत. तपासणी केली आणि काही सापडलं नाही, असा तो अर्थ नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी हे बरेचदा होतं, कारण तिथे साधी स्लाइड होते आणि पुढच्या चाचण्या मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत होतात. अशा वेळी पुन्हा कवटी उघडावी लागत नाही. शस्त्रक्रियेत निघालेला तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, काडेपेटीपेक्षा लहान असतो, आणि तो रुग्णालयाकडून मागून घेता येतो. त्यातली पातळ चकती कापून वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या नंतरही करता येतात. दहा-बारा वर्षांपूर्वी ‘ऑलिगोअॅस्ट्रोसायटोमा’ लिहून दिलेला कागद घेऊन अजून तपासणीला येणारे रुग्ण आहेत. त्यांच्या ब्लॉकवरही आयडीएच आणि गुणसूत्रांचे ते दोन हात आज पाहता येतात, आणि गाठ पुन्हा वाढू लागली असेल तर पुढचं औषध ठरवण्याआधी ते पाहून घेतात.